जुळलेलं उत्तर आणि चुकलेलं संकलन: ९० अंशांच्या लंबकाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी असलेल्या महाविद्यालयात मी भौतिकशास्त्र शिकवते. टी.वाय.बी.एस्सी.च्या तीन विद्यार्थ्यांनी प्रोजेक्टसाठी लंबक निवडला, तेव्हा आधी मी नाकच मुरडलं. लंबक आठवीपासून चालत आलेला आहे. पण त्यांचं म्हणणं रास्त होतं. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये आपण दरवर्षी लिहितो की आयाम लहान ठेवावा, चार-पाच अंशांच्या पुढे जाऊ नये. पुढे गेलं तर नेमकं काय होतं, हे मात्र कोणीच करून बघत नाही.

दोऱ्याचा लंबक ९० अंशांवरून सोडला तर सुरुवातीला दोऱ्यात ताणच नसतो आणि गोळा हिसका खातो. म्हणून त्यांनी कडक दांडी घेतली. सायकलच्या पुढच्या चाकाचा जुना हब भिंतीतल्या पट्टीला आवळला, त्यावर ॲल्युमिनियमची पट्टी आणि टोकाला पितळी वजन बसवलं. मागे प्लायवर छापील कोनमापक चिकटवला. ज्याच्या घरचं सायकलचं दुकान होतं त्याला पुढे सगळे ‘हबवाला’च म्हणायला लागले. प्रोग्रॅम लिहिणारी एक मुलगी होती. तिसरा वाचन घेणारा, स्टॉपवॉच त्याच्याकडे.

लहान आयामाला २० दोलनांचा वेळ २८.४० सेकंद आला, म्हणजे आवर्तकाल T₀ = १.४२० सेकंद. इथे एक सोय होती. मोठ्या आयामाचा आवर्तकाल T असेल तर T/T₀ हे गुणोत्तर फक्त आयामावर अवलंबून असतं. दांडीची लांबी, वजन, g यांपैकी काहीच त्यात उरत नाही. त्यामुळे हब आणि पट्टीचं वजन हिशेबात धरायची गरजच नव्हती.

सिद्धांताच्या बाजूला ऊर्जा अक्षय्यतेवरून हे संकलन मिळतं:

```
T = 4·√(L/2g) · ∫ dθ / √(cosθ − cosθ₀),   θ: 0 → θ₀
```

यातला √(L/2g) भागाकारात निघून गेला की उरतं ते संकलन गुणिले √2/π. हे संकलन साध्या फलनांत, म्हणजे बहुपदी, त्रिकोणमितीय, घातांकी, लॉगरिदम अशांच्या मांडणीत, सोडवता येत नाही. विवृत्तीय संकलनांबाबत लिऊव्हिलने १८३० च्या दशकात हे सिद्धच केलं. मुलांनी दोन दिवस ‘कुठलं सब्स्टिट्यूशन बसतंय का’ म्हणून कागद काळे केले, ते मी करू दिले. मग ठरलं की संगणकाने आकडा काढायचा.

अडचण

प्रोग्रॅमवालीने सिम्पसनचा नियम लावला. अभ्यासक्रमात तोच असतो. पहिल्याच वेळी `ZeroDivisionError` आला, कारण θ = θ₀ ला छेद शून्य होतो. तिने शेवटच्या बिंदूची किंमत शून्य धरली आणि पुढे गेली. १००० भागांना उत्तर आलं T/T₀ = १.१५७९.

त्याच आठवड्यात प्रयोग झाला. ९० अंशांवरून सोडून १० दोलनांचा वेळ मोजला, पाच वेळा. सरासरी १६.४५ सेकंद. एका दोलनाचे १.६४५, त्याला १.४२० ने भागलं की १.१५८.

म्हणजे तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत जुळलं! शिवाय पाठ्यपुस्तकातलं दुरुस्तीचं सूत्र, १ + θ₀²/१६, ९० अंशांना १.१५४ देतं. तेही जवळच. तीन वेगळ्या वाटांनी आलेले तीन आकडे एकमेकांच्या शेजारी बसलेले. मी आलेखावर सही केली. ही सही मी अजून विसरलेले नाही.

अडचण योगायोगाने दिसली. प्रोग्रॅमवालीला प्रोजेक्ट-अहवालात ‘अचूकता’ असा परिच्छेद हवा होता, म्हणून तिने भाग वाढवून १०,००० केले. तिला वाटलं होतं की शेवटचे एक-दोन आकडे हलतील. उत्तर आलं १.१७३२. उलट १०० भागांना १.१०९३.

ती माझ्याकडे आली तेव्हा हबवालाही सोबत होता. त्याचं म्हणणं, “मॅडम, हजारलाच जुळतंय ना, मग हजारच ठेवूया. जास्त भाग केले की राउंडिंगची चूक वाढत असेल.” राउंडिंगची चूक हजारात शिरून तिसरा आकडा हलवत नाही, एवढं मला माहीत होतं. पण त्या क्षणी माझ्याकडेही दुसरं उत्तर नव्हतं. प्रयोगाशी जुळणारा आकडा टाकून न जुळणारा का घ्यायचा, हा त्याचा प्रश्न रोखठोक होता.

तीन आकड्यांनी दिलेला सुगावा

आम्ही तीन उत्तरं फळ्यावर एकाखाली एक लिहिली: १.१०९३, १.१५७९, १.१७३२. पहिल्या दोघांतला फरक ०.०४८६, नंतरच्या दोघांतला ०.०१५३ च्या आसपास. भागाकार ३.१६. म्हणजे दहाचं वर्गमूळ.

यातून निदान झालं. सिम्पसनचा नियम गुळगुळीत फलनावर चालतो तेव्हा भाग दहापट केले की चूक दहा हजारपट कमी व्हायला हवी. इथे ती जेमतेम तीनपट कमी होत होती. चूक भागाच्या रुंदीच्या वर्गमुळाप्रमाणे कमी होत असेल, तर टोकाला १/√x सारखा अनंत उंचीचा कडा आहे, असा त्याचा अर्थ. कड्याखालचं क्षेत्रफळ सांत आहे, पण सिम्पसनला कडा दिसतच नाही. त्यातून आपण शेवटचा बिंदू शून्य धरलेला.

मुलांना हे पटलं ते लंबकाकडे बघून. टोकाशी लंबक थबकतो. संकलन हे वेळेचं आहे, आणि वेळ जातो तो तिथेच. ९० अंशांवरून सोडलेल्या लंबकाला पहिला हजारावा भाग, म्हणजे अंशाचा अकरावा हिस्सासुद्धा नाही, ओलांडायला पाव आवर्तकालाचे सुमारे तीन टक्के लागतात. आपण वगळला तो बिंदू नेमका त्या थबकण्यातला. म्हणून उत्तर नेहमी कमीच यायचं.

चूक कोणत्या चालीने कमी होते हे कळलं की ती काढूनही टाकता येते. भाग दहापट केल्यावर चूक √१० पट कमी होते असं धरून पुढची सगळी घट बेरजेत घेतली: १.१७३२४ + ०.०१५३५५/२.१६२ = १.१८०३४. फळ्यावर हे उत्तर आलं तेव्हा खोलीत जरा शांतता पसरली. कारण आता खरा आकडा १.१८० असेल, तर आमचा प्रयोग दोन टक्क्यांनी चुकलेला होता. तेही पाचही वेळा, एकाच दिशेने.

समोर आलेले पर्याय

फळ्यावरचा अंदाज अहवालात चालणार नव्हता. संकलन नीट काढायचे चार मार्ग आम्ही तपासले.

कड्याजवळचा तुकडा कापून त्याचं क्षेत्रफळ हाताने २√h असं घालायचं, हा पहिला. चालतो, पण प्रत्येक आयामाला गुणक बदलतो. कंटाळवाणं काम, म्हणून सोडला.

दुसरा मालिकेचा. आयामाच्या घातांची मालिका अशी आहे: १ + θ₀²/१६ + ११θ₀⁴/३०७२ + … (θ₀ रेडियनमध्ये). ९० अंशांना पहिल्या दुरुस्तीनंतर १.१५४२, दुसरीनंतर १.१७६०, तिसरीनंतर १.१७९५. इथे कळलं की पाठ्यपुस्तकातलं सूत्रही जुळलं होतं ते अर्धवट तोडल्यामुळेच. k = sin(θ₀/२) घेऊन k² च्या घातांतही मालिका लिहिता येते, १ + k²/४ + ९k⁴/६४ + …, पण ती ९० अंशांना आणखी सावकाश जाते: चार दुरुस्त्यांनंतरही १.१७७०. १७० अंशांना तर चौथं दशांश स्थळ मिळवायला सुमारे ८०० पदं लागतील, कारण तिथे k² = ०.९९२ आणि प्रत्येक पद आधीच्यापेक्षा जेमतेम लहान. तीस-चाळीस अंशांपर्यंत मालिका उत्तम. कागदावर होते आणि काय घडतंय ते दिसतं. त्यापुढे नाही.

तिसरा मार्ग चल बदलण्याचा. sin(θ/२) = k·sinφ असं घेतलं की कडा नाहीसा होतो:

```
T/T₀ = (2/π) · ∫ dφ / √(1 − k² sin²φ),   φ: 0 → π/2
```

लंबक टोकाशी थबकतो तो सगळा रेंगाळलेला वेळ φ या चलात ताणून सपाट होतो. छेद कुठेच शून्य होत नाही.

चौथा मार्ग तयार फलन वापरण्याचा. वरच्या संकलनाला K असं नाव आहे आणि `scipy.special.ellipk` ते देतं. तिसऱ्या विद्यार्थ्याने ते वापरलं आणि उत्तर आणलं १.३२८. कुठल्याच आकड्याशी न जुळणारं. अर्ध्या तासाने दिसलं की त्या फलनाला k नव्हे, k² द्यायचा असतो. k² = ०.५ दिल्यावर १.१८०३. ही चूक ढळढळीत होती म्हणून बरं. लहान कोनाला ती सहज नजरेतून सुटली असती.

काय केलं

आम्ही तिसरा मार्ग धरला, आणि पुन्हा एकदा निर्णयाचा क्षण आला. प्रोग्रॅमवालीने नवीन संकलनावरही सिम्पसनच लावायचं ठरवलं, ‘तो समलंब नियमापेक्षा चांगला’ म्हणून. मी म्हटलं, आधी दोन्ही कॅल्क्युलेटरवर करून बघ.

९० अंशांना k² = ½. φ च्या ०, २२.५, ४५, ६७.५ आणि ९० अंशांना फलनाच्या किमती अनुक्रमे १, १.०३८७५३, १.१५४७०१, १.३२०८०३ आणि १.४१४२१४. समलंब नियमात दोन टोकांच्या किमती निम्म्या घ्यायच्या, बाकीच्या पूर्ण, बेरीज ४.७२१३६४. तिला चार भागांनी भागलं की १.१८०३४१. पाच बिंदू, आणि सहाही दशांश स्थळं बरोबर! त्याच पाच बिंदूंवर सिम्पसन १.१८०१५ देतो. म्हणजे ‘चांगला’ नियम इथे वाईट ठरला.

कारण सांगायला मला अर्धा तास लागला, इथे थोडक्यात सांगते. समलंब नियमाची चूक येते ती टोकांशी फलनाचा उतार, तिसरं विकलन, पाचवं विकलन जे काही असेल त्यातून. हे फलन φ = ० आणि φ = ९० अंश या दोन्ही टोकांना आरशातल्यासारखं सममित आहे, म्हणून ही सगळी विषम विकलनं शून्य. टोकांची चूक उरतच नाही, आणि जी उरते ती भाग वाढवताच घातांकी वेगाने विरते. सिम्पसन म्हणजे चार भागांचं आणि दोन भागांचं समलंब उत्तर मिसळून टोकाची चूक खोडण्याचा उपाय. इथे खोडायला काही नव्हतंच, त्यामुळे त्याने दोन भागांचं कच्चं उत्तर (१.१८०९) उगाच मिसळलं.

आयाम वाढला की हा वेग कमी होतो, हेही आम्ही तपासलं. १५० अंशांना पाच बिंदू १.७७३ देतात, खरं उत्तर १.७६२२. बिंदू १७ केले की काम होतं.

अहवालात मात्र आणखी छोटी वाट गेली. गाउसने दाखवलं होतं की हे संकलन दोन संख्यांच्या सरासऱ्यांतून निघतं. १ आणि cos(θ₀/२) या दोन संख्या घ्या. त्यांची साधी सरासरी आणि गुणोत्तर सरासरी काढा, त्या दोघींची पुन्हा तशीच, आणि त्या मिळेपर्यंत चालू ठेवा. मिळालेल्या संख्येचा व्यस्त म्हणजे T/T₀.

```python
import math
def ratio(deg):
    a, b = 1.0, math.cos(math.radians(deg) / 2)
    while abs(a - b) > 1e-12:
        a, b = (a + b) / 2, math.sqrt(a * b)
    return 1 / a
```

९० अंशांना १ आणि ०.७०७१०७ पासून ०.८५३५५३ आणि ०.८४०८९६, मग ०.८४७२२५ आणि ०.८४७२०१, मग दोन्ही ०.८४७२१३. व्यस्त १.१८०३४. तीन पायऱ्या. जाता जाता एक गंमत: आमचं मूळ, कड्यावालं संकलन ९० अंशांना २.६२२०६ येतं. लेम्निस्केट या इंग्रजी आठच्या आकाराच्या वक्राच्या लांबीत येणारी हीच ती संख्या. ३० मे १७९९ ला गाउसने आपल्या डायरीत या संख्येचा आणि सरासऱ्यांचा मेळ अकरा दशांश स्थळांपर्यंत बसतो असं नोंदवून ठेवलं. हबवर लोंबणाऱ्या आमच्या पट्टीत तीच संख्या होती, हे कळल्यावर हबवाल्याने अहवालाचं मुखपृष्ठ बदललं.

मग प्रयोगाचं काय?

आता सिद्धांतावर शंका उरली नव्हती, म्हणून दोन टक्के प्रयोगात शोधायचे होते. हातातल्या स्टॉपवॉचची चूक १० दोलनांना ०.१-०.२ सेकंद धरली तरी ती कधी कमी, कधी जास्त अशी येते. आमची तूट ०.३१ सेकंदांची आणि नेहमी कमीच.

फोनच्या स्लो-मोशनने, सेकंदाला २४० फ्रेम, एक पूर्ण फेरी चित्रित केली. फ्रेम मोजल्यावर दिसलं की दहाव्या दोलनाच्या शेवटी लंबक ९० वर नाही, ८० अंशांवर परततो. प्रत्येक दोलनाला जवळपास एक अंश, सरळ रेषेत घट. हवेच्या रोधामुळे घट झाली असती तर ती आयामाबरोबर मंदावत गेली असती. सरळ रेषेतली घट म्हणजे बेअरिंगचं घर्षण. हबमधलं जुनं ग्रीस घट्ट झालेलं.

आम्ही ‘९० अंशांचा’ म्हणून मोजत होतो तो आवर्तकाल प्रत्यक्षात ९० ते ८० अंशांची सरासरी होता. ९० ला १.१८०, ८५ ला १.१५८, ८० ला १.१३७, सगळ्यांची सरासरी १.१५८. आमचं वाचन अगदी बरोबर होतं, फक्त ते ८५ अंशांचं होतं. आणि हजार भागांच्या चुकलेल्या संकलनाने ९० अंशांसाठी तोच आकडा दिला. या दोन चुकांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता.

निष्पन्न

दहा दोलनं एकत्र मोजणं बंद केलं. प्रत्येक दोलनाचा वेळ फ्रेमवरून आणि त्याचा सरासरी आयाम कोनमापकावरून, अशी जोडी नोंदवली. पहिलं दोलन, सरासरी ८९.५ अंश: अपेक्षित १.६७३ सेकंद, मोजलेलं १.६७१. दहावं, ८०.५ अंश: अपेक्षित १.६१८, मोजलेलं १.६१७. दोघांतला फरक तेरा फ्रेमचा, म्हणजे नुसत्या डोळ्यांनी मोजता येईल एवढा. एका फेरीतून दहा बिंदू मिळाले आणि ते सगळे वक्रावर बसले. हबवाल्याने रॉकेलने हब धुऊन नवं हलकं तेल घातलं, त्यानंतर घट दोलनाला अर्ध्या अंशावर आली.

मी सही केलेला जुना आलेख त्यांनी अहवालातून काढला नाही. नवा त्याच्या शेजारी लावला.

पुन्हा करायचं झालं तर

भाग दुप्पट करून उत्तर किती हलतं ते बघणं मी प्रयोगाच्या आधी करायला लावेन. ती तपासणी दोन मिनिटांची आहे आणि तिला प्रयोगाची गरज नाही. आमच्याकडे ती अहवाल सजवायला शेवटी झाली, तीही नशिबाने. गणिती आकडा स्वतःच्या पायावर उभा आहे का, हे मापनाशी तुलना करण्याआधी ठरलं असतं, तर हबवाल्याचा ‘हजारच ठेवूया’ हा मोहच उभा राहिला नसता.

दुसरं, छेद शून्य होतो तिथे ‘शून्य धर’ असं लिहिण्याआधी थांबायला हवं होतं. प्रोग्रॅमवालीने ते लपवलं नव्हतं, प्रोग्रॅममध्ये ओळ स्पष्ट होती. ती मी वाचली नाही.

आयामाची वरची मर्यादा आम्ही १२० अंशांवर ठेवली, आणि तो निर्णय मी तसाच ठेवेन. १२० ला गुणोत्तर १.३७३. १५० जवळ मात्र ते दर अंशाला सुमारे ०.०२ ने बदलतं, म्हणजे कोन वाचताना एक अंश चुकला की वेळ एक टक्क्याहून जास्त चुकला. ९० ला हीच चूक ०.४ टक्के. संकलन तिथे बारा दशांश स्थळांपर्यंत मिळेल, पण प्लायवर चिकटवलेला कोनमापक अर्धा अंशही धड दाखवत नव्हता. पुढच्या वर्षीच्या गटाने त्याऐवजी दांडीच्या अक्षावर कोन मोजणारा सेन्सर बसवायचं मनात घेतलं आहे. हब तोच राहणार.